भरगच्च की सुटसुटीत?

अगं, पलंगावर कपडे पसरून काढलेला तुझा फोटो पाहिला. निळी इरकल, मोहरी रंगाचा खण, काकांनी भुजहून आणलेलं अज्रकचं बिनबाह्यांचं जॅकेट, आजीची ठुशी, ऑक्सिडाइज्ड बांगड्यांचा ढीग, आणि खाली तुझा प्रश्न: ‘ताई, मी मॅक्सिमल की मिनिमल?’ हा काही रक्तगट नाही गं, एकदा तपासून घेतला की जन्मभर तोच राहायला. दोन्ही तुझंच आहे. दादाच्या लग्नात तू करवली आहेस, तेव्हा भरगच्च हो. लग्नानंतरच्याच आठवड्यात नव्या नोकरीवर रुजू होते आहेस, तिथे सुटसुटीत जा. गंमत म्हणजे दोन्ही ठिकाणी हीच इरकल चालेल. एका साध्या ब्लाउजखेरीज नवं काही घेऊ नकोस. या फोटोतल्या कपड्यांवरच बोलू आपण.

भरगच्च म्हणजे दिसेल ते अंगावर चढवायचं आणि सुटसुटीत म्हणजे काढून ठेवायचं, असं सगळ्यांना वाटतं. कपाट उघडून उभं राहिलं की हे गणित लगेच चुकतं. सगळं चढवलेली बाई पुष्कळदा नुसती गोंधळलेली दिसते आणि सगळं काढून ठेवलेली बाई घाईत निघाल्यासारखी दिसते. आयरिस अॅपफेल तुला इन्स्टाग्रामवर दिसली असेल, मोठ्ठ्या गोल काळ्या चष्म्याची न्यूयॉर्कची आजी. दोन्ही हातांत कोपरापर्यंत कडी, गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा. २००५ साली तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तिच्या कपड्यांचं आणि दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. २०२४ मध्ये एकशे दोनाव्या वर्षी गेली. तिच्याबद्दल लिहिताना लोक चष्म्यावर थांबतात. मला तिची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९५० पासून ती आणि तिचा नवरा कापडाचा धंदा करत होते, जुन्या नमुन्यांवरून नवं कापड विणून घेत होते. म्हणजे जिचं अंगावरचं सगळं अचानक जमून आल्यासारखं दिसायचं, तिने आयुष्यभर विणीचा आकार, रंगाचा दाब आणि कापडाची चमक हेच पाहिलं होतं.

म्हणून आधी नक्षीबद्दल बोलते, कारण भरगच्च पेहराव बहुतेक वेळा इथेच फसतो.

तुझ्या इरकलीच्या अंगावर बारीक चौकडी आहे आणि खणावर बारीक बुट्टी. तुला वाटतं आहे की चौकडीवर बुट्टी म्हणजे दोन नक्ष्या एकत्र आल्या, फार झालं. आता एक कर. दोन्ही एकमेकांशेजारी खुर्चीवर टाक आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहा. काय दिसतं? निळा रंग आणि मोहरी रंग. चौकडी गेली, बुट्टीही गेली. ज्वारीच्या दाण्याएवढी नक्षी सात-आठ फुटांवरून डोळ्याला जवळजवळ साध्या रंगासारखीच दिसते. आपल्या आज्या चौकडीच्या लुगड्यावर खणाची चोळी घालत आल्या आणि कधी कुणाला ते खटकलं नाही, त्याचं निम्मं कारण हेच आहे. जवळ बसलेल्या बाईला वीण दिसायची, लांबच्याला दोन शांत रंग दिसायचे. तेव्हा नक्षी मोजायची असेल तर हातात धरून मोजू नकोस, दारातून मोज. लग्नाच्या कार्यालयात तुला बहुतेक माणसं तेवढ्या अंतरावरूनच पाहणार आहेत.

यावरून पुढची गोष्ट कळते. दोन नक्ष्या एकत्र आणताना त्यांच्या आकारात ठळक फरक हवा. एक बारीक असेल तर दुसरी रुपयाच्या नाण्याहून मोठी हवी, आणि तिसरी घ्यायचीच असेल तर ती तळहाताएवढी. आकार जवळजवळ सारखे असले की कुणाकडे आधी पाहावं हे डोळ्याला कळत नाही आणि दोन्ही कापडं हलल्यासारखी दिसतात. मागच्या दिवाळीत आपल्या एका नातेवाईक बाईंनी मध्यम फुलांच्या साडीवर मध्यम फुलांचं कलमकारी ब्लाउज घातलं होतं, आठवतं? दोन्ही वस्तू सुरेख होत्या, पण फोटोत साडी कुठे संपते आणि ब्लाउज कुठे सुरू होतं तेच कळत नाही. फुलांवर फुलं जमवणं सगळ्यांत अवघड. रेघ किंवा चौकडी एका बाजूला आणि वेल-बुट्टी दुसऱ्या बाजूला, ही जोडी सोपी पडते, कारण एक सरळ चालते आणि दुसरी वळते. डोळा गोंधळत नाही.

तुझं अज्रकचं जॅकेट इथे कामाला येतं. त्यावरची भौमितिक चक्रं मोठी आहेत, दारातूनही दिसतात. म्हणजे इरकलीची चौकडी बारीक, खणाची बुट्टी बारीक आणि अज्रकचा ठसा मोठा. एकच नक्षी बोलते, बाकीच्या दोघी मागून साथ देतात. जॅकेटऐवजी तुझ्याकडे मोठ्या फुलांची बनारसी ओढणी असती आणि तीही तुला घालायची असती, तर मी सांगितलं असतं, दोघींतली एक निवड.

आकार जमला तरी नात्याचा प्रश्न उरतो. दोन नक्ष्यांमध्ये निदान एक रंग अगदी तोच असायला हवा, ‘साधारण त्यातलाच’ असून भागत नाही. इथे तुझं नशीब चांगलं आहे. इरकलीच्या पदराला पारंपरिक लाल-पांढरा असतो, तसा तुझ्याही पदराला आहे. अज्रकात निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल आणि रेघांचा पांढरा असतो. इल्कल उत्तर कर्नाटकात आणि अज्रक कच्छमध्ये, दोन्ही ठिकाणांचा एकमेकांशी संबंध नाही, तरी निळा, लाल आणि पांढरा दोन्हींत आहे. फक्त उन्हात एकदा पाहून घे. दोन्ही निळे एकाच दिशेला झुकणारे हवेत, एक जांभळटाकडे आणि दुसरा हिरवटाकडे गेला की झालं. आईला दुकानात कापड उचलून दारापर्यंत नेताना पाहून आपण लाजायचो ना, ती बरोबर करायची. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात भांडू शकतात, कारण वेगवेगळ्या द्रव्यांनी रंगवलेली कापडं वेगवेगळा प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने परत फेकतात. रिसेप्शन रात्री हॉलमधल्या दिव्यांत असेल, तर शेवटची खात्री तशाच पिवळ्या दिव्याखाली कर.

आणखी एक बारीक खोच सांगते, फारसं कुणी सांगत नाही. पांढऱ्याकडे बघ. एका कापडाचा पांढरा निळसर झळझळीत आणि दुसऱ्याचा कोऱ्या कापडासारखा दुधाळ असेल, तर शेजारी आल्यावर दुधाळ कापड मळकं दिसतं. ते काल धुतलेलं असलं तरीही. अज्रकचा पांढरा बहुधा किंचित दुधाळच असतो. म्हणून त्याच्याबरोबर झगझगीत पांढरा परकर किंवा पांढरे बूट नकोत.

आता रंगांकडे येऊ. सुटसुटीत कपड्यांत तीनपेक्षा जास्त रंग नकोत आणि भरगच्च कपड्यांत कितीही चालतात, असं कुठेतरी वाचून आली आहेस. आकड्यापेक्षा मी क्षेत्रफळ बघते. चांगल्या पैठणीच्या पदरावर मोर, वेल, पोपट मिळून डझनभर रंग असतात, तरी आपण तिला ‘जांभळी पैठणी’च म्हणतो, कारण अंगभर जांभळा पसरलेला आहे. रंग कितीही घे, एकाने बरीचशी जागा व्यापली पाहिजे. दुसऱ्याने त्याच्या निम्मी. उरलेल्यांनी थोड्या थोड्या जागेत राहावं. घर सजवणारे लोक यालाच साठ-तीस-दहा म्हणतात. पट्टी घेऊन मोजायची गरज नाही, पण पन्नास-पन्नास झालं की अंग मधोमध चिरल्यासारखं दिसतं, एवढं लक्षात ठेव. उंची कमी असेल तर ते आणखीच जाणवतं.

भरगच्चपणात त्याहून कडक नियम वेगळा आहे. छोट्या जागेतला प्रत्येक रंग निदान दोन ठिकाणी दिसला पाहिजे. आपली नवरी आठव. पिवळी नऊवारी, हिरवा चुडा, कुंकवाचा लाल, सोनं आणि मोत्यांचा पांढरा. पाच रंग, तेही सगळे ओरडणारे. कागदावर लिहिले तर कुणी म्हणेल, हे जमणार नाही. पण हिरवा दोन्ही मनगटांवर असतो आणि पुष्कळदा काठातही. पांढरे मोती मुंडावळ्यांत, नथीत, कानात आणि वेणीतल्या गजऱ्यात, म्हणजे चेहऱ्याभोवती सगळीकडे. सोनं गळ्यात आणि हातात. एकही रंग एकटा पडलेला नाही. शिवाय सगळे रंग एकाच दमाचे आहेत. त्यांत फिका गुलाबी किंवा पुदिन्याचा पोपटी घातला असता तर तो आजारी दिसला असता. गडद असतील तर सगळे गडद, फिके असतील तर सगळे फिके.

तुझ्यावर लावून बघू. निळा साडीचा, जॅकेटमध्येही तोच. लाल पदरात आणि जॅकेटमध्ये. पांढरा पदरात, जॅकेटच्या रेघांत आणि केसांत गजरा माळलास तर तिथेही. मोहरी फक्त ब्लाउजमध्ये आहे, तीही जॅकेटखाली अर्धी झाकलेली, म्हणजे एकटी. तिला जोडीदार सोन्याचा. म्हणून त्या दिवशी आजीची सोन्याची ठुशी घाल आणि ऑक्सिडाइज्ड बांगड्या घरी ठेव. मला ठाऊक आहे, बांगड्या तुझ्या आवडत्या आहेत. पण चांदीचा करडा हा तुझ्यावर पाचवा रंग होईल आणि मनगट सोडून तो कुठेच दिसणार नाही. घालायच्याच असतील तर मग ठुशी काढ, कानातही ऑक्सिडाइज्ड झुमके घाल आणि मोहरी खणाऐवजी निळं ब्लाउज घाल. वस्तू एकेकटी बदलत नाही बघ, तिच्या मागे दोन-तीन तरी बदलतात.

सुटसुटीत बाजूला रंग कमी, म्हणून सोपं असेल असं वाटतं ना? काळ्यावर काळा घालून बघ. एका काळ्याला तांबूस झाक असते, दुसऱ्याला हिरवट, आणि चार धुण्यांनंतर तिसरा करडा पडतो. दुरून जुळले वाटतात, लिफ्टच्या दिव्याखाली जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे जुळवायचा प्रयत्नच सोडायचा. कापडाचा पोत वेगळा घे, खरखरीत सुती आणि मऊ क्रेप, म्हणजे फरक मुद्दाम केलेला दिसतो. नाही तर रंगात चांगल्या दोन पायऱ्यांचं अंतर ठेव, गडद निळ्यावर फिका निळा. जवळजवळ सारखं असणं हेच सगळ्यांत वाईट.

थर म्हणजे लेअरिंग. याबद्दल फार बोलत नाही, कारण परदेशी मासिकांतलं लेअरिंग आपल्या दमट हवेत चालत नाही. डिसेंबरात पुण्यात संध्याकाळी एक जास्तीचा थर सुखाचा वाटतो, मुंबईत हॉलमध्ये पंखा बंद पडला की तोच नकोसा होतो. आतला थर सगळ्यांत पातळ, बाहेरचा सगळ्यांत सैल, आणि दोन्ही सुती, एवढं सांभाळ. लांबीत निदान एका वितीचा फरक ठेव. कुर्ता जिथे संपतो तिथेच जॅकेट संपलं तर त्या रेषेवर अंग आडवं पसरल्यासारखं दिसतं. बाह्या असलेलं जॅकेट असेल तर मुंढा बघ. वरच्या कपड्याचा मुंढा आतल्यापेक्षा मोकळा हवा, नाही तर काखेत चुण्या गोळा होतात आणि हात उचलला की सगळं वर चढतं.

साडीचं मात्र वेगळं आहे. साडी स्वतःच थर आहे, निऱ्या, कमरेभोवतीचे वेढे, वर पदर. तिच्यावर जॅकेट म्हणजे नेमकं कुठे, हे आधी ठरव. सगळ्यावरून घातलंस तर पदर आत दबतो आणि डावा खांदा फुगतो. म्हणून ब्लाउजवर जॅकेट आणि जॅकेटवरून पदर. मग डाव्या बाजूचं अर्धं जॅकेट झाकलं जाणार हे ओघाने आलं. ते दिसावं म्हणून पदराच्या चार बोटं रुंदीच्या प्लेट्स घालून खांद्यावर एकच पिन लाव, पदर मोकळा सोडू नकोस. जॅकेट गुडघ्याच्या थोडं वर संपू दे, पुढून उघडं. उघडं राहिलं की चालताना ते मागे उडतं आणि निऱ्या समोरून स्वच्छ दिसतात. पण कमरेपाशी ते ढगळ होणार. तिथे आईचा कमरपट्टा बांध. तो दागिना म्हणून मी सांगत नाही आहे. तिन्ही थरांना एका ठिकाणी धरून ठेवायला काहीतरी लागतं, आणि सोनं तुझ्या मोहरीला आणखी एक सोबती देतं. सेफ्टी पिन मात्र जॅकेटला आतून लाव.

सुटसुटीत कपड्यांतला सगळ्यांत महत्त्वाचा थर कुणाला दिसतच नाही. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप घालतात आणि मग ती आरपार का दिसते म्हणून वैतागतात. कातडी आणि पांढरा यांतला फरक वरून कळतो, म्हणून ती दिसते. तुझ्या कातडीच्या रंगाची घे, कापडाखाली नाहीशी होईल. परकर साडीच्या खालच्या कडेपेक्षा दोन बोटं वर. परकराची नाडी एका बाजूला बांध, पोटावर गाठ आली तर बारीक साडीत ती दिसते. लग्नाच्या दिवशी कमरपट्टा आणि जॅकेट हे सगळं झाकून टाकतं. ऑफिसच्या दिवशी काहीच झाकलं जात नाही.

दागिन्यांत मला परदेशी पुस्तकांची गरज वाटत नाही, आपल्या घरातच सगळं आहे. गळ्यात चार गोष्टी घालायच्या असतील तर त्यांची लांबी चढत्या क्रमाने असावी, हे आता ‘नेकलेस लेअरिंग’ म्हणून शिकवतात. आपल्याकडे गळ्याला घट्ट ठुशी, वज्रटीक किंवा चिंचपेटी, त्याखाली कोल्हापुरी साज, त्याखाली पुतळ्यांची माळ किंवा मोहनमाळ. प्रत्येकीची जागा ठरलेली. दोन माळांमध्ये तीन बोटं मोकळी राहिली की प्रत्येक वेगळी दिसते आणि एकमेकींत अडकतही नाहीत. अडकण्याचं आणखी एक कारण वजन. सगळ्यांत लांब माळेला खाली पदक किंवा जड मणी हवा, म्हणजे ती सरळ लोंबते. हलकी लांब माळ दर पाच मिनिटांनी वरच्या माळेत जाऊन बसते आणि मग संध्याकाळभर हात गळ्यापाशी. फोटोग्राफर तेवढ्यातच फोटो काढतो.

तुझ्या जॅकेटचा गळा खोल आहे, खणाचं ब्लाउज गोल गळ्याचं. त्यामुळे ठुशीला आणि खाली एका मोहनमाळेला जागा आहे. साज मधे घालू नकोस. साजाच्या पानांची नक्षी बारीक आणि भरगच्च असते, ती अज्रकच्या ठशासमोर बुडून जाईल, आणि एवढी सुंदर वस्तू बुडवायची कशाला? तो सीमान्तपूजनाला साध्या काठाच्या साडीवर घाल. कानात कुड्या पुरेत. नथ घाल, करवली आहेस, आणि मोत्यांचा पांढरा तुला हवाच आहे. हातात पाटल्या आणि त्यांच्या मधे हिरव्या काचेच्या बांगड्या घालायला आई सांगेल. इथे माझा नियम मोडतो, कारण हिरवा तुझ्या अंगावर दुसरीकडे कुठेच नाही.  पण लग्नघरात हिरव्या बांगड्यांना नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही, तुझ्यातही नको.

सगळं घालून झालं की आरशात बघू नकोस, कुणाला तरी दारातून फोटो काढायला सांग आणि तो फोनमध्ये काळापांढरा कर. रंग गेले की गडद-फिकं काय ते उरतं. अंगभर एकसारखा करडा दिसला तर पेहराव सपाट झाला आहे, कुठेतरी उजळ भाग हवा. ठिकठिकाणी पांढरे ठिपके विखुरलेले दिसले तर काहीतरी जास्त झालं आहे. तुझ्या बाबतीत पांढरं चेहऱ्याभोवती, पदरात आणि ठशांच्या रेघांत दिसायला हवं, बाकीचं गडद. तसं आलं तर निघ.

आता नोकरीचा पहिला दिवस. तीच इरकल. जॅकेट, खण, कमरपट्टा, माळा, सगळं बाजूला. साडीच्या निळ्यापेक्षा दोन पायऱ्या गडद साधं सुती ब्लाउज, कोपरापर्यंत बाही. कानात कुड्या. एक घड्याळ. पदर मोकळा. या मोकळ्या पदरामुळे लग्नात कुणालाच न दिसलेली गोष्ट दिसेल. इरकलीचं अंग आणि पदर जिथे जोडलेले असतात तिथे तो जोड शिवलेला नसतो. अंगाचे ताणे आणि पदराचे ताणे एकमेकांत अडकवून मागावरच जोडलेले असतात. त्याला टोपे-टेणी म्हणतात. बाकी सगळं शांत असलं की पाहणाऱ्याची नजर तिथपर्यंत पोचते. काहीतरी एकच बघायला ठेवायचं, आणि ते बघण्यासारखं असायला हवं, सुटसुटीतपणात एवढंच खरं काम आहे.

पण त्याची किंमत दुसरीकडे भरावी लागते. १९९६ साली कॅरोलिन बेसेटने धाकट्या जॉन केनेडीशी लग्न करताना नार्सिसो रॉड्रिग्जने केलेला एक साधा, मोत्याच्या रंगाचा रेशमी क्रेपचा झगा घातला होता. ना लेस, ना भरतकाम. आजही त्याचे फोटो फिरतात आणि मुली म्हणतात, किती सोपं! कापड तिरकं कापून शिवलेला झगा तो. तिरकं कापलेलं कापड अंगाच्या प्रत्येक वळणावर बसतं, आणि एका जागी सुताएवढी चूक झाली तरी ती लपवायला वर काही नसतं. साध्या ब्लाउजचंही तेच. लग्नात तुझ्या खणाच्या ब्लाउजची शिवण थोडी वाकडी गेली तर जॅकेट आणि ठुशी तिला सांभाळून घेतील. ऑफिसच्या ब्लाउजला कुणी सांभाळणार नाही.

म्हणून शिंप्याकडे गेलीस की तीन गोष्टी तपास. दोन्ही हात सरळ वर कर. ब्लाउजची खालची कड दोन बोटांपेक्षा जास्त वर गेली तर मुंढा खोल कापला आहे. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात मोकळा हलतो, शिंपी उलटंच सांगतील, ‘मोकळा ठेवतो ताई’ म्हणून खोल करतील, ऐकू नकोस. मग बाहीची कड बघ, दंडात रुतून वर मांस फुगत असेल तर अर्धा इंच सोडायला सांग. शिवणीत तेवढं दाबलेलं कापड ठेवलं आहे ना, हे शिवायला टाकतानाच विचारायचं. शेवटी पाठ. पाठीच्या गळ्याची कड उभी राहते की अंगाला चिकटते? उभी राहत असेल तर खांदा उतरता हवा आहे. साध्या कापडावर टक कुठे संपतो तेही दिसतं, म्हणून तो छातीच्या उंचवट्याच्या एक इंच अलीकडे थांबवायला सांग. खणाच्या ब्लाउजमध्ये एवढी कटकट करत बसू नकोस. खणाचा पन्ना अरुंद असतो, त्यात कोपरापर्यंत बाही बसवायची म्हटलं तर जोड येतोच. तो काठाच्या आत लपव, एवढं सांग आणि सोडून दे.

साडीला हलकी खळ कर आणि थोडी ओलसर असतानाच इस्त्री फिरव. निऱ्या उघडल्या की आडवी घडी दिसू नये. चपला आणि पर्स पुसून ठेव. कोल्हापुरीची टाच झिजली असेल तर साध्या साडीखाली तीच आधी नजरेत भरते. लग्नात कुणी तुझ्या पायांकडे बघणार नाही, नवरीच्या जोडव्यांकडे बघतील.

थोडक्यात तुझ्या वेळेचा हिशेब असा पडेल. लग्नाचा पेहराव चढवायला दीड तास लागेल आणि मदतीला मावशी लागेल. ऑफिसचा पेहराव चढवायला दहा मिनिटं, पण त्याची तयारी दोन आठवडे आधी सुरू करावी लागेल. मला विचारशील तर तुझ्या स्वभावाला भरगच्च जास्त शोभतं. तू बोलताना हातवारे करतेस, हसतेस मोठ्याने, आणि भरलेल्या कपड्यांत तू अवघडत नाहीस. साध्या कपड्यांत मात्र दर पाच मिनिटांनी पदर सारखा करत बसतेस. ब्लाउज अंगावर नीट बसलं की ते थांबेल असं मला वाटतं.

तेव्हा आजच जा आणि आधी साधं निळं ब्लाउज शिवायला टाक, खणाचं नंतर. लग्नसराईत शिंपी फिटिंगसाठी दुसऱ्यांदा वेळ देत नाहीत, आणि त्या निळ्या ब्लाउजला दुसरं फिटिंग लागणारच आहे.